बिनबियांच्या कलिंगडाचे महागडे बी

बिनबियांच्या कलिंगडाची फोड नीट पाहिली, तर तिच्यात बी अगदीच नसते असे नाही. लाल गरात पांढऱ्या, मऊ, काकडीच्या कोवळ्या बीसारख्या टरफलांच्या ओळी दिसतात. खाताना त्या दातांना जाणवतही नाहीत. बी धरायचा प्रयत्न वेलाने केला होता आणि तो अर्धवट राहिला, एवढेच ती टरफले सांगतात. ती रुजत नाहीत, त्यांच्या आत गर्भच नसतो. मग पुढच्या हंगामात शेतकरी पेरतो काय?

केळीच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. जळगावच्या बागांमधली ग्रँड नैन केळीही बिनबियांचीच आहे. सह्याद्रीत केळीच्याच कुळातली कवदर उगवते, तिच्या फळात टणक काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात. बागेतली केळी बी धरत नाही, पण तिचे त्यावाचून अडतही नाही. कंद लावला, मुनवा काढला किंवा टिश्यू कल्चरचे रोप आणले, की नवी बाग उभी राहते. कलिंगडाचा वेल मात्र तीन-साडेतीन महिन्यांत आटोपतो आणि दर हंगामाला बियांपासूनच वाढवावा लागतो. म्हणजे ज्या फळात बी धरत नाही, त्याच फळाचे बी दरवर्षी नव्याने तयार करायचे. हे जमवण्यासाठी जी यातायात करावी लागते, तिची किंमत बियाण्याच्या पाकिटावर चढते.

यामागे गुणसूत्रांचा हिशेब आहे. साध्या कलिंगडाच्या प्रत्येक पेशीत 22 गुणसूत्रे असतात. 11 आईकडून आलेली, 11 बापाकडून. असे दोन संच असलेल्या झाडाला द्विगुणित म्हणतात. दोनापेक्षा जास्त संच असले, की ते बहुगुणित. शब्द जड वाटला तरी वस्तू रोजच्या जेवणातली आहे. रानातल्या जुन्या गवती गव्हात 14 गुणसूत्रे, खपली आणि बन्सी गव्हात 28 आणि पोळीच्या लोकवनमध्ये 42. विदर्भातल्या देशी कापसात 26, तर अमेरिकन कापसात 52. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत तर एकाच पेशीत आठ संच नांदतात. यातले बरेचसे निसर्गानेच, दोन वेगवेगळ्या जातींचा संकर होऊन आणि मग संच दुप्पट होऊन घडवले. माणसाने ते नुसते उचलून शेतात आणले.

संचांची संख्या सम असेल तर झाडाचे सहसा बरे चालते. परागकण किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधते, जोडी लागते आणि मग दोघे दोन टोकांना जातात. संच तीन असले की पंचाईत होते. फुगडीला तिघी उभ्या राहिल्या तर एक उरतेच, तशी गत. बिनबियांच्या कलिंगडात 33 गुणसूत्रे असतात, म्हणजे 11 प्रकारची, प्रत्येकी तीन. विभागणीच्या वेळी प्रत्येक प्रकारातली दोन एकीकडे जातात आणि एक दुसरीकडे, आणि कोणती बाजू कोणाला मिळेल याला काही धरबंध नाही. नव्या पेशीला प्रत्येक प्रकारातले नेमके एकेक किंवा नेमकी दोन-दोनच मिळाली, तरच हिशेब जुळतो. अकराही प्रकारांत एकाच वेळी असा योग येण्याची शक्यता गणिताने 1024 मध्ये एक येते. बाकीच्या पेशींत कुठे एखादे गुणसूत्र जास्त, कुठे कमी, आणि त्यातून बहुतेक वेळा निकामी परागकण आणि निकामी अंडपेशी निपजतात. गर्भच धरत नाही, म्हणून बी भरत नाही. लाखात एखादे काळे कडक बी या फळात सापडते, ते त्या हजारात एक नशिबाचे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण महाराष्ट्रात बिनबियांचे फळ म्हटले की पहिल्यांदा आठवतात ती नाशिक-सांगलीची द्राक्षे. थॉमसन सीडलेस द्राक्ष त्रिगुणित नाही. त्याचे संच दोनच, फलधारणाही रीतसर होते. बी मात्र सुरुवातीलाच वाढायचे थांबते. शिवाय द्राक्षाची काडी लावता येते. कलिंगडाची गोष्ट दोन्ही बाबतींत निराळी.

तीन संचांचे वांझपण मुद्दाम कामाला लावावे, ही कल्पना जपानमधली. क्योतो विद्यापीठातले हितोशी किहारा हे मुळात गव्हाचे माणूस. गव्हाचे संच कोणकोणत्या रानगवतांतून आले, याचा शोध घेण्यात त्यांची कारकीर्द गेली. तीन संचांची झाडे वांझ निघतात हे गव्हाच्या संकरांत त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले होते. गव्हात दाणाच हवा असतो, त्यामुळे तिथे वांझपण हा दोष. पण ज्या फळात बी ही खाणाऱ्याची कटकट असते, तिथे तोच दोष गुण ठरतो. 1939 मध्ये त्यांनी कलिंगडावर काम सुरू केले, युद्धाच्या काळातही ते चालू राहिले, आणि 1951 मध्ये अमेरिकेतल्या उद्यानविद्येच्या नियतकालिकात त्यांचा त्रिगुणित कलिंगडावरचा लेख प्रसिद्ध झाला. तिथे दाखवलेली रीत आजही मूळ स्वरूपात तशीच चालते.

तीन संच हवे असतील तर एका बाजूने दोन आणि दुसऱ्या बाजूने एक यायला हवा. एक संच साध्या कलिंगडाच्या परागातून मिळतो. दोन संचांची अंडपेशी मिळवायची तर आई चार संचांची, म्हणजे 44 गुणसूत्रांची लागते. असा चतुर्गुणित वेल तयार करणे ही पहिली पायरी, आणि तिथेच पैसा आणि वर्षे खर्ची पडायला लागतात.

त्यासाठी वापरतात ते कोल्चिसीन. युरोपातल्या एका कंदवर्गीय फुलझाडातून ते मिळते, गाऊटवरचे औषध म्हणूनही ते डॉक्टर देतात. आपल्याकडे कोकणातल्या कुंपणांवर पावसाळ्यात ज्वाळेसारखी फुले मिरवणाऱ्या कळलावीच्या कंदातही हेच द्रव्य असते, आणि कळलावी विषारी मानतात ती त्यामुळेच. वनस्पतीची पेशी दुभंगताना आधी गुणसूत्रांच्या प्रती निघतात, मग सूक्ष्म तंतूंची एक चौकट तयार होऊन त्या प्रती दोन टोकांना ओढल्या जातात. कोल्चिसीन ही चौकट उभीच राहू देत नाही. प्रती निघतात पण वाटणी होत नाही, आणि एकाच पेशीत 22 ऐवजी 44 गुणसूत्रे राहून जातात. औषधाचा अंमल उतरला की पेशी पुन्हा दुभंगू लागते, या वेळी 44 घेऊनच. हा गुण 1937 च्या सुमारास अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी दाखवून दिला आणि दोनच वर्षांत किहारांनी तो कलिंगडावर लावायला घेतला.

प्रत्यक्ष काम असे चालते. बी उगवून दोन बीजदले उघडली, की त्यांच्या मधोमध शेंड्याचा इवलासा कोंब असतो. पुढचा सगळा वेल त्यातूनच निघणार. त्या कोंबावर साधारण 0.1 ते 0.2 टक्के कोल्चिसीनच्या द्रावणाचा एक थेंब ठेवतात, सकाळ-संध्याकाळ, काही दिवस. बीजदलांची वाटी आयतीच असल्याने थेंब तिथेच टिकतो. रोपे सावलीत ठेवावी लागतात, नाहीतर थेंब सुकून जातो. कामगाराच्या हातात मोजे हवेतच. मात्रा कमी पडली तर काहीच घडत नाही आणि जास्त झाली तर कोंब जळतो. जगलेल्या रोपांची वाढ आठवड्या-दोन आठवड्यांसाठी खुंटते, नवी पाने जाड, चुरगळलेली, वेडीवाकडी येतात. एवढे सोसूनही खरोखरचे चतुर्गुणित वेल शंभरात एखाद-दुसरेच निघतात.

ते ओळखायचे कसे? पाने जाडसर आणि गोलसर, फुले मोठी, वाढ संथ, ही नजरेने दिसणारी लक्षणे. पण नजर फसते. म्हणून पानाच्या खालच्या बाजूची पातळ साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पानाच्या प्रत्येक छिद्राच्या दोन्ही कडांना रक्षक पेशींची एकेक पेशी असते, त्या जोडीतले हिरवे कण मोजायचे. साध्या वेलात ते दहा-बारा भरतात, चतुर्गुणितात अठरा-वीसच्या घरात जातात.

हीही खूण एका ठिकाणी दगा देते, आणि नव्या माणसाची वर्षे वाया जातात ती इथेच. वेलाचा शेंडा पेशींच्या थरांनी बनलेला असतो. पानाची साल सर्वांत बाहेरच्या थरातून येते, तर पराग आणि अंडपेशी त्याच्या आतल्या थरातून. कोल्चिसीनचा थेंब बाहेरच्या थरावर चालला आणि आत पोचलाच नाही, तर सालीत 44 आणि फुलाच्या पोटात 22, असा दुतोंडी वेल तयार होतो. साल पाहून तो निवडला, त्याला वाढवले, त्याचे बी धरले, आणि पुढच्या पिढीत सगळी साधीच कलिंगडे निघाली, असे घडते. म्हणून नर फूल उमलल्यावर परागकणही तपासतात. साध्या कलिंगडाच्या परागकणाला तीन भोके असतात, चतुर्गुणिताच्या बहुतेक परागकणांना चार. पेशीतले जनुकद्रव्य थेट मोजणारी यंत्रे हल्ली आहेत, पण चार भोक्यांची खूण आजही बिनखर्चाची आणि पक्की.

वेल हाती आला तरी लगेच धंद्याला लागत नाही. चार संचांच्या वेलालाही जोड्या लावताना अडचण येते, फक्त तीन संचांइतकी नाही. साध्या कलिंगडाच्या एका फळात दोनशेपासून आठशेपर्यंत बिया मिळतात. नव्या चतुर्गुणिताच्या फळात पन्नास-शंभर मिळाल्या तरी खूप, कधी त्याहून कितीतरी कमी. त्यातून चांगले फळ देणारे आणि बी बऱ्यापैकी धरणारे वेल निवडत, पिढ्यान् पिढ्या स्वतःचेच पराग देत वाण स्थिर करावा लागतो. पुरेसे आई-बियाणे जमेपर्यंत दहा वर्षेही लागू शकतात.

मग येतो प्रत्यक्ष संकर. चतुर्गुणित वेल आई म्हणून आणि साधा वेल बाप म्हणून, हेच एक नाते चालते. उलट केले, म्हणजे साध्या आईला चतुर्गुणिताचा पराग दिला, तर बी पोकळ निघते. बीमधला पोषक भाग आईचे आणि बापाचे संच ठरावीक प्रमाणात मागतो, ते प्रमाण बिघडले की गर्भ उपाशी राहतो. त्यामुळे बी हवे तर ते त्या कमी बी धरणाऱ्या आईच्याच पोटी.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, आणि मादी फूल एकच दिवस उघडे असते. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादी फुले आदल्या संध्याकाळी हेरून त्यांवर टोपी घालायची, म्हणजे मधमाशी भलताच पराग आणून टाकणार नाही. पहाटे बापाच्या ओळीतली नर फुले तोडायची, टोपी काढून मादी फुलाच्या तुऱ्यावर पराग फिरवायचा, पुन्हा झाकायचे, देठाला खुणेचा दोरा बांधायचा. ऊन तापायच्या आत हे सगळे उरकावे लागते. मजुरी वाचवायला काही ठिकाणी मधमाश्यांवर सोडतात, पण मग आईचे बी स्वतःच्याच परागाने धरण्याचा धोका असतो. त्यावर किहारांच्या काळापासूनचा तोडगा असा, की आई बिनपट्ट्यांच्या सालीची निवडायची आणि बाप पट्टेदार. पट्टा वरचढ गुण असल्याने खऱ्या त्रिगुणित वेलाला पट्टेदारच फळ लागते. शेतात बिनपट्ट्याचे फळ दिसले, की ते चतुर्गुणित आईचेच पोर, त्यात बिया असणार. शेतकऱ्याला ते बाजूला काढता येते, पण तोवर त्याची जागा, पाणी आणि खत गेलेलेच असते.

काढणीनंतरही एक पथ्य आहे. साध्या कलिंगडाचा गर बियांसकट आंबवून मग धुण्याची पद्धत आहे. त्रिगुणित बी आंबवले तर उगवण घटते. ते ताबडतोब धुऊन सुकवावे लागते.

एका एकराचा हिशेब मांडला तर किंमत कुठून येते ते दिसते. सहा फुटांच्या गादीवाफ्यावर दीड फुटाला एक रोप धरले, तर एकरात साधारण 4,840 रोपे बसतात. त्यांपैकी चौथा हिस्सा परागासाठी साध्या कलिंगडाचा ठेवावा लागतो (का, ते पुढे येईल), म्हणजे त्रिगुणित रोपे 3,630. शंभरातल्या ऐंशी बिया उगवल्या असे धरले, तर सुमारे साडेचार हजार बिया हव्यात. आईच्या फळात शंभर बिया मिळत असतील, तर हाताने पराग दिलेली 45 फळे या एका एकरासाठी लागली. तेच पूर्ण एकरभर साधे कलिंगड असते आणि त्याच्या फळात चारशे बिया असत्या, तर नव्वद टक्के उगवण धरून तेरा-चौदा फळांत काम भागले असते. शिवाय त्या तेरा-चौदा फळांच्या मागे दहा वर्षांची निवड आणि कोल्चिसीनने जळालेली रोपे नसतात. म्हणूनच त्रिगुणित बी वजनावर नव्हे, नगावर मोजून विकले जाते, आणि साध्या बियांच्या कित्येक पट दराने.

आता उगवण. त्रिगुणित बीचे टरफल जाड असते आणि आतला गर्भ लहान, अशक्त. दोघांच्या मध्ये पोकळी राहते. पोकळीत पाणी साचले की गर्भ गुदमरतो. म्हणून हे बी थेट शेतात टोकत नाहीत. ट्रेमध्ये जेमतेम ओलसर कोकोपीट भरून, पहिले दोन दिवस सुमारे 30 अंशांच्या उबेत ठेवतात आणि कोंब वर येईपर्यंत पाणी हात राखूनच देतात. नवख्या रोपवाटिकेत बी कुजते ते थंडीने कमी, जास्त पाण्याने जास्त. दुसरी अडचण टरफलाची. ते बीजदलांना टोपीसारखे चिकटून बसते आणि पाने उघडूच देत नाही. जाणते लोक बीचे टोकदार तोंड वरच्या बाजूला येईल असे उभे किंवा तिरपे लावतात, म्हणजे मूळ वळून खाली जाताना टरफल मातीतच सुटते. तरीही काही रोपांची टोपी हाताने काढावी लागतेच.

परागासाठी साधे कलिंगड का लागते, याचे उत्तर सगळ्यात मजेशीर आहे. त्रिगुणित वेलाला मादी फुले भरपूर येतात, पण त्याचा स्वतःचा पराग निकामी. आणि परागाची चाहूल लागल्याशिवाय फळ फुगत नाही. बी धरायची नसली तरी जिवंत पराग तुऱ्यावर रुजून आत जावा लागतो, त्यातूनच फळाला वाढीचा इशारा मिळतो. म्हणून बिनबियांच्या शेतात बियांच्या कलिंगडाचे वेल पेरावेच लागतात, आणि मधमाश्यांच्या पेट्याही ठेवाव्या लागतात. साध्या फुलाला मधमाशीच्या जितक्या फेऱ्या पुरतात, त्याहून जास्त इथे लागतात, कारण तिने वाटेत त्रिगुणित नर फुलावरून आणलेला पराग फुकट असतो. पराग कमी पडला तर फळ वाकडे वाढते किंवा आतून पोकळ निघते. साधा वेल वेगळ्या रंगाच्या किंवा आकाराच्या फळाचा निवडतात, नाहीतर काढणीला दोन्हींची सरमिसळ होऊन गिऱ्हाइकाची शिवी खावी लागते.

एवढे करून शेतकऱ्याला काय मिळते? बी भरण्यात वेलाची ताकद जात नसल्याने तो जास्त दिवस फळे धरतो, आणि गर काढणीनंतर जास्त काळ टिकून राहतो. अमेरिकेत 2003 च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या कलिंगडांपैकी निम्मी बिनबियांची होती, आज दहांतली नऊ तशी असतात. तिथे एकरी उत्पन्न, पेटीचा दर आणि रोपवाटिकांची यंत्रणा यांत महाग बी पचून जाते.

भारतातही ही वाट जुनी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा बेदाना' काढला, बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेने 'अर्का मधुरा'. केरळ कृषी विद्यापीठाने आपल्याकडच्या ओळखीच्या 'शुगर बेबी'वर कोल्चिसीन लावून चतुर्गुणित आई तयार केली आणि तिच्यापासून लाल गराचे 'शोणिमा' आणि पिवळ्या गराचे 'स्वर्णा' हे दोन त्रिगुणित वाण दिले. महाराष्ट्रात मात्र मल्चिंग आणि ठिबकवर, रमजान आणि उन्हाळ्याचा भाव गाठण्यासाठी लावले जाते ते अजूनही बहुतांशी दोन-अडीच ते चार-पाच किलोचे, बियांचे संकरित कलिंगड. भाव दोन आठवड्यांत कोसळू शकतो अशा पिकात, नगावर मोजलेले बी कुजण्याची जोखीम कोण घेणार, हा रोखठोक हिशेब त्यामागे असावा.

लोकांच्या मनात एक भीती असते, की बिनबियांचे फळ म्हणजे इंजेक्शन दिलेले किंवा जनुक बदललेले. यात बाहेरून कुठलेही जनुक घातलेले नसते. कोल्चिसीनचा तो थेंब पडतो तो एका रोपावर, ज्या वाणाची आई म्हणून पुढे कित्येक पिढ्या निवड होते. बाजारातल्या फळापर्यंत त्याचा अंशही पोचत नाही.

महाग बी टाळण्याचे प्रयत्नही चालू आहेत. जपानमध्ये साध्या कलिंगडाच्या परागावर सौम्य क्ष-किरण टाकून तो मादी फुलाला देण्याची रीत वापरून पाहिली गेली. असा पराग रुजतो, फळाला वाढीचा इशारा देतो, पण गर्भ धरत नाही. वेल नेहमीचाच, 22 गुणसूत्रांचा, बी नेहमीच्या दराचे, आणि फळात फक्त पांढरी टरफले. त्यात अडचण एवढीच, की प्रत्येक मादी फुलाला माणसाने हातानेच पराग द्यायचा, आणि त्याआधी मधमाशीला तिथे फिरकू द्यायचे नाही. म्हणजे जी मजुरी बियाणे कंपनीच्या शेतात काही फळांपुरती होती, ती इथे कलिंगड पिकवणाऱ्याच्याच माथी येते.